एकाच फोटोत चेहऱ्यांची अदलाबदल

शेजारी उभ्या दोन भावांचे चेहरे एका पायथन स्क्रिप्टने आपसांत बदलायचे आहेत. `dlib` प्रत्येक चेहऱ्यावर जबडा, भुवया, डोळे, नाक, ओठ अशा ६८ खुणा शोधते. थोरल्याच्या खुणा जोडून त्रिकोणांची जाळी तयार होते. रशियन गणितज्ञ बोरिस देलोने यांची १९३४ सालची ही रीत शक्यतो चिंचोळे त्रिकोण टाळते. धाकट्यासाठी मात्र नवी जाळी करायची नाही, त्याच क्रमांकांच्या खुणा जोडायच्या; नाहीतर नाकाचा तुकडा गालावर जातो. मग प्रत्येक त्रिकोण ताणून किंवा दाबून समोरच्या जोडीदारात बसवायचा.

खरी मेख पुढे आहे. दोन्ही चेहरे एकाच फोटोत असल्याने धाकट्याचा चेहरा आधीच झाकला गेला, तर थोरल्याला स्वतःचाच चेहरा परत मिळतो. म्हणून तुकडे नेहमी मूळ फोटोच्या न बदललेल्या प्रतीतूनच उचलावेत.

शेवटी `cv2.seamlessClone` कडांचा रंग आजूबाजूच्या त्वचेशी जुळवते. तरी खुणा भुवयांपाशी संपतात, त्यामुळे कपाळ ज्याचे त्याचेच राहते. मान वळलेली असेल तर लपलेल्या गालाचे अरुंद त्रिकोण ताणले जाऊन तिथली त्वचा पुसट, ओढल्यासारखी दिसते.