भाड्याच्या सर्व्हरवरून स्वतःच्या सर्व्हरवर

‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ ही अमेरिकेतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी ‘बेसकॅम्प’ आणि ‘हे’ ही ईमेल सेवा चालवते. 2022 साली तिचं क्लाउडचं बिल 32 लाख डॉलर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचे तंत्रप्रमुख डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी कंपनीने सुमारे 7 लाख डॉलरचे डेल सर्व्हर घेतले. डेटा सेंटर चालवणाऱ्या डेफ्ट कंपनीच्या माणसांनी ते रॅकमध्ये बसवले. 2024 पर्यंत वार्षिक बिल 13 लाखांवर आलं.

हे आकडे वाचून अनेक कंपन्यांच्या बैठकीत प्रश्न येतो: मग आपण का नाही? मला या हिशेबातली एक ओळ फार महत्त्वाची वाटते आणि तीच बहुतेक जण वाचत नाहीत. नवे सर्व्हर त्यांच्या आधीच्याच रॅकमध्ये, आधीच घेतलेल्या विजेच्या जोडणीवर बसले. बेसकॅम्पचा बराचसा भाग पूर्वीपासून स्वतःच्या यंत्रांवर चालत होता, त्यामुळे ती सांभाळणारी माणसंही होती. त्यांना फक्त यंत्रं विकत घ्यावी लागली. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांना जागा, वीज, इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या लाइन आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारी निदान तीन-चार माणसं, हे सगळं नव्याने उभं करावं लागतं. महिन्याचं क्लाउडचं बिल दोन-चार लाख रुपये असेल, तर एवढ्या माणसांच्या पगारापुढे बचत उरतच नाही.

दुसरी गोष्ट वापराची. क्लाउडच्या खात्यात प्रोसेसरच्या वापराचा आलेख असतो. वर्षभराचा आलेख काढून पहाटे तीनचा वापर आणि सर्वांत गर्दीच्या तासाचा वापर शेजारी ठेवून पाहावा. दोन्हींत दुपटी-तिपटीचाच फरक असेल, तर विकत घेतलेलं यंत्र बहुतेक वेळ कामात राहील आणि पैसे वसूल होतील. याउलट दहावीचा निकाल दाखवणारं संकेतस्थळ घ्या. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता राज्यभरातली घरं एकाच वेळी तिथे येतात आणि नंतर वर्षभर शांतता. त्या एका दुपारीसाठी सर्व्हर विकत घेणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधणं. तिथे तासावर भाडं भरणंच शहाणपणाचं.

साठवणीच्या बाबतीत मात्र हिशेब स्पष्ट दिसतो. थर्टीसेव्हन सिग्नल्सच्या उरलेल्या 13 लाखांपैकी जवळजवळ सगळे पैसे ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवण-सेवेला जात होते. त्याजागी त्यांनी ‘प्युअर स्टोरेज’ची 15 लाख डॉलरची यंत्रणा घेतली. ती चालवण्याचा खर्च वर्षाला 2 लाखांच्या आत येईल, असा त्यांचा अंदाज होता. पाच वर्षांत विभागली, तर यंत्रणेचे वर्षाला 3 लाख पडतात. त्यात चालवण्याचे 2 लाख धरले तरी 5 लाख होतात. म्हणजे 13 लाखांच्या जागी 5, वर्षाला 8 लाखांची बचत. फायली एकदा ठेवल्या की त्या कमी होत नाहीत, गर्दीच्या वेळी अचानक दसपटही होत नाहीत, म्हणून साठवण हे स्वतःकडे आणण्यासाठी सर्वांत योग्य काम.

पण याच टप्प्यावर तीन गोष्टी राहून जातात. पहिली, बाहेर पडण्याचं शुल्क. क्लाउडमधून माहिती बाहेर नेताना दर गिगाबाइटला पैसे पडतात. थर्टीसेव्हन सिग्नल्ससाठी ही रक्कम सुमारे अडीच लाख डॉलर होती आणि ॲमेझॉनने ती माफ केली. 2024 पासून मोठ्या क्लाउड कंपन्या पूर्ण बाहेर पडणाऱ्यांना ही सवलत देतात, पण ती अर्ज करून आधी मंजूर करून घ्यावी लागते. आधीच सगळं उतरवून घेतलं, तर बिल येऊ शकतं. दुसरी, करार. सवलतीच्या दरासाठी एक ते तीन वर्षांची हमी दिलेली असेल, तर सर्व्हर बंद केला तरी ते भाडं चालूच राहतं. त्यामुळे करार संपण्याच्या तारखा पाहूनच खरेदीचा दिवस ठरवावा.

तिसरी सर्वांत जड. एस-थ्री प्रत्येक फायल वेगवेगळ्या इमारतींमध्ये जपते आणि खराब झालेली डिस्क गुपचूप बदलते. स्वतःच्या यंत्रावर पिवळा दिवा लागला, की तो कुणाच्या तरी लक्षात यावा लागतो आणि त्याच मापाची डिस्क कपाटात असावी लागते. दुसऱ्या शहरात दुसरी प्रत हवी, म्हणजे यंत्रं दुप्पट. कागदावरच्या तुलनेत ही दुसरी प्रत हटकून गाळली जाते आणि मग बचत खोटी मोठी दिसते.

हलवाहलव चालू असताना जुनं आणि नवं, दोन्ही काही महिने एकत्र चालतात आणि दोन्हींचे पैसे जातात. प्रत्येक फायलीची बेरीज-खूण दोन्हीकडे जुळते का, हे तपासायलाच कित्येक आठवडे लागतात. न जुळलेल्या फायली पुन्हा आणायच्या, नव्या यंत्रावरच्या बॅकअपमधून एकदा सगळं खरोखर परत उभं करून पाहायचं आणि मगच जुनी प्रत पुसायची.