दहा दिवसांची सुटी, चार दिवसांचा अर्ज

समजा, साताऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिकेचा जवान नवरा दहा दिवसांच्या सुटीवर येतोय. तिला वर्षाला किरकोळ रजा मोजक्याच मिळतात. त्यांतल्या चारच उरल्यात. अर्जात ती सवयीने ‘घरगुती कारणास्तव’ लिहिते आणि तिथेच घोटाळा होतो. घरगुती काम पुढे ढकलता येतं, असं मुख्याध्यापकांना वाटणारच.

त्यापेक्षा सरळ लिहावं: ‘माझे पती सैन्यात असून १२ ते २१ तारखेपर्यंत सुटीवर येत आहेत. त्यांच्या सुटीच्या तारखा माझ्या हाती नाहीत. तरी १३ ते १६ अशी चार दिवसांची किरकोळ रजा मिळावी. चौथीचा वर्ग या काळात सहकारी शिक्षिका सांभाळतील.’

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असं राज्याचे रजा नियमच सांगतात. म्हणून वर्गाची सोय सांगणारं शेवटचं वाक्य मोलाचं. नवऱ्याची सुटी ऐनवेळी पुढेमागे झाली, तर लगेच सुधारित अर्ज द्यावा. नवरा कुठे तैनात आहे, हे मात्र अर्जात लिहू नये. साहेबांना तारखा पुरतात, ठिकाण लागत नाही.