पाच दिवसांचं गॅसबिल आणि तीनने भागाकार

आज कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

रिग्रेशन करताना एक गोष्ट अनेकांना खटकते. निरीक्षणं पाच असतात, पण चुकीचा अंदाज काढताना भागायचं तीनने. हे दोन गेले कुठे?

समजा इंग्लंडमधल्या एका घरात हिवाळ्यातल्या पाच दिवसांचा गॅस मोजलाय. बाहेरचं तापमान ०, २, ४, ६ आणि ८ अंश. गॅस अनुक्रमे ८२, ६७, ५९, ५३ आणि ३९ युनिट. या ठिपक्यांमधून लघुतम वर्गांच्या पद्धतीने सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती सांगते: शून्य अंशाला ८० युनिट, आणि पुढे प्रत्येक अंशाला ५ युनिट कमी. म्हणजे रेषेवरचे आकडे ८०, ७०, ६०, ५०, ४०. प्रत्यक्ष वापरातून ते वजा केले की फरक उरतात: २, −३, −१, ३, −१. यांनाच रेसिड्युअल म्हणतात. त्यांच्या वर्गांची बेरीज २४.

आता गंमत बघा. या पाच फरकांपैकी पहिले तीन मला सांगा, उरलेले दोन मी मीटर न बघता सांगतो. कारण रेषेने दोन अटी घातल्या आहेत. सगळ्या फरकांची बेरीज शून्य, आणि प्रत्येक फरकाला त्या दिवसाच्या तापमानाने गुणून केलेली बेरीजही शून्य. पहिली अट रेषेची उंची ठरवताना आली, दुसरी उतार ठरवताना. करून बघा: ०, −६, −४, १८, −८, बेरीज शून्य. पाच फरकांपैकी मोकळे फक्त तीन. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात ते हेच.

पण मोकळे तीन आहेत म्हणून तीननेच का भागायचं? खरी रेषा आपल्याला माहीत नाही. आपली रेषा याच पाच ठिपक्यांना खूश करायला काढलेली, त्यामुळे तिच्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज इतर कुठल्याही रेषेपेक्षा, अगदी खऱ्या रेषेपेक्षाही, कमीच येते. पाचने भागलं तर सरासरीने अंदाज तोकडा पडतो.

किती तोकडा, तेही मोजता येतं. शून्य अंशाच्या दिवशीचा वापर १० युनिटांनी वाढवा. तिथली रेषा ६ युनिट वर सरकते. मधल्या, ४ अंशांच्या दिवशी तेच केलं, तर फक्त २ युनिट. टोकाचे ठिपके रेषेला जास्त ओढतात. पाच दिवसांची ही ओढ ०.६, ०.३, ०.२, ०.३, ०.६, बेरीज बरोबर २. कुठलंही तापमान घ्या, उंची आणि उतार असे दोन आकडे काढले की ही बेरीज दोनच येते. ज्या दिवसाची ओढ ०.६, त्याच्या फरकाचा वर्ग सरासरीने खऱ्या व्हेरिअन्सच्या ०.४ पट भरतो. पाचही दिवसांचं असं उरलेलं मिळवलं की होतात ३. म्हणून तीनने भागायचं. गाऊसने हा हिशोब १८२३ मध्येच मांडला होता.

तर २४ भागिले ३ म्हणजे ८, वर्गमूळ २.८३. पाचने भागलं असतं तर ४.८, वर्गमूळ २.१९. फरक क्षुल्लक वाटतो ना? समजा सहाव्या दिवशी ४ अंश आहे आणि गॅस ६६ युनिट लागला. रेषा म्हणते ६०. २.१९ ला नेहमीच्या १.९६ ने गुणलंत तर ५६ ते ६४ हीच मर्यादा दिसेल, आणि तुम्ही बॉयलरवाल्याला फोन लावाल. योग्य हिशोबात तीन डिग्रीजसाठी टी-तक्त्यातला ३.१८ घ्यायचा आणि रेषेची स्वतःची अनिश्चितताही मिळवायची. मर्यादा जवळपास ५० ते ७० होते. ६६ त्यात आरामात बसतो. फोन नको.

एक्सेलमध्ये चूक इथे होते: फरकांच्या रकान्यावर `STDEV.S` लावलं की ते चारने भागतं आणि २.४५ दाखवतं. त्याला उताराची अट ठाऊकच नसते. त्याऐवजी, तापमान A मध्ये आणि गॅस B मध्ये असेल तर:

```
=STEYX(B2:B6,A2:A6)
```

उत्तर २.८३ आलं पाहिजे.

दोनच दिवस मोजले असते तर? रेषा दोन्ही ठिपक्यांतून नेमकी जाते, फरक शून्य. दोनने भागलंत तर 'चूक अजिबात नाही' असं हास्यास्पद उत्तर मिळतं. दोन वजा दोन म्हणजे शून्याने भागायचं, आणि ते जमत नाही. चुकीबद्दल या दोन दिवसांकडे काहीच माहिती नाही, हे त्यातून कळतं. पाच दिवसांच्या रेषेत वारा, शनिवार-रविवार आणि पाहुणे असे आणखी तीन घटक घातले, तरी सहसा हेच होईल.

आणि स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाला आकडा देतो, म्हणून पाच दिवसांचे २४० आकडे घेऊन २३८ डिग्रीज आहेत असं समजू नका. साडेसातला हीटिंग चालू असेल तर आठलाही बहुतेक चालूच असतं. दोन वजा करण्याचा हा हिशोब चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि त्यांचा पसारा सगळीकडे सारखा असेल, तरच खरा.