चुकलेला पत्ता आणि सहा अंकांची वाट

इचलकरंजीतील एका कापड व्यापारी कुटुंबात आजोबांसाठी श्रवणयंत्र मागवण्यात आले. सोमवारी रात्री नातवाने मोबाईलवरून ऑर्डर देऊन १८,००० रुपये भरले. मंगळवारी दुपारी पार्सल निघाल्याचा संदेश आला आणि त्याच्या लक्षात आले, की शिक्षणाच्या काळात पुण्यातील बिबवेवाडीत भाड्याने घेतलेल्या खोलीचा जुना पत्ताच आपोआप निवडला गेला होता. त्या खोलीत आता अनोळखी माणसे राहत होती.

नातवाने कुरियर कंपनीला फोन करून इचलकरंजीचा पत्ता सांगितला. उत्तर मिळाले, "पिनकोड बदलता येणार नाही." या नकारामागे कारण आहे. वाटेत पार्सलची वर्गवारी मुख्यतः पिनकोडवरून होते. घराचा पत्ता पाहिला जातो तो शेवटच्या वितरण केंद्रात. पिनकोडचे पहिले तीन अंक टपालाचा वर्गवारी जिल्हा दाखवतात. बिबवेवाडीचा ४११०३७ आणि इचलकरंजीचा ४१६११५ यांच्या वाटा तिथेच वेगळ्या होतात. शिवाय कुरियरशी करार असतो तो विक्रेत्याचा. त्यामुळे पार्सल परत बोलावण्याची किंवा दुसरीकडे वळवण्याची सूचना बहुधा त्यानेच द्यावी लागते. या विक्रेत्याने पार्सल परत आल्यावर पैसे देण्याची तयारी दाखवली. परंतु त्यात बरेच दिवस जाणार होते.

मार्ग सुचवला तो आजोबांनी. त्यांच्या भाच्याचा गाळा पुण्याच्या मार्केट यार्डात आहे आणि त्याचा पिनकोडही ४११०३७ आहे. म्हणजे पार्सल त्याच वितरण केंद्रात पोहोचणार. बदलायचे होते ते फक्त शेवटचे दार. नातवाने विक्रेत्याला लेखी संदेश पाठवला. त्यात ऑर्डर क्रमांक, ट्रॅकिंग क्रमांक, गाळ्याचा पूर्ण पत्ता आणि भाच्याचा मोबाईल क्रमांक दिला. ही सूचना कुरियरकडे गेली आणि पार्सल वितरणासाठी बाहेर पडण्यापूर्वी केंद्रात नोंदवली गेली. पार्सल एकदा वितरण करणाऱ्याच्या हाती गेले, की असा बदल क्वचितच साधतो.

याच धावपळीत एक संदेश आला : "पत्ता अपूर्ण आहे, दुव्यावर पाच रुपये भरा." त्यात ना ट्रॅकिंग क्रमांक होता, ना विक्रेत्याचे नाव. अशा दुव्यांतून बँक कार्डाची माहिती चोरली जाते. नातवाने तो संदेश पुसून टाकला.

गुरुवारी वितरण करणाऱ्याने गाळ्यावरून फोन करून ओटीपी मागितला. ऑर्डर नातवाच्या नावे असल्याने ओटीपी त्याच्याच मोबाईलवर आला होता. पार्सल हाती आल्याचे भाच्याने सांगितल्यानंतरच नातवाने तो दिला. कारण ओटीपी देणे म्हणजे माल मिळाल्याची सही करणे होय. भाच्याने त्याच दिवशी ते स्पीड पोस्टाने इचलकरंजीला पाठवले.

त्या रात्री नातवाने मोबाईलमधील जुना पत्ता काढून टाकला.