परत मागवलेल्या मालाची सूचना कशी वाचावी?

एप्रिल २०२२ च्या सुरुवातीची गोष्ट. ईस्टरचा सण दोन आठवड्यांवर आला होता आणि ब्रिटनमधली दुकाने चॉकलेटच्या अंड्यांनी भरली होती. नेमक्या त्याच वेळी फेरेरो कंपनीने ‘किंडर सरप्राइज’ परत मागवत असल्याचे जाहीर केले. साल्मोनेला या जिवाणूमुळे आजारी पडलेल्या रुग्णांचा माग या चॉकलेटपर्यंत लागत होता, आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती.

सूचनेत नाव आणि वजन होतेच. त्यासोबत एक मर्यादा आखलेली होती : २० ग्रॅमची अंडी, सुटी किंवा तीनच्या पाकिटातली, ज्यांवर ११ जुलै ते ७ ऑक्टोबर २०२२ दरम्यानची ‘बेस्ट बिफोर’ तारीख आहे, तेवढीच. सगळ्या सूचनेचा कणा हाच असतो. एकाच कच्च्या मालातून, एकाच यंत्रावर, ठरावीक काळात तयार झालेला माल म्हणजे एक बॅच. दोष कुठे शिरला हे कळले, की कोणत्या बॅच त्या वाटेने गेल्या हे कारखान्याच्या नोंदींवरून काढता येते. नोंदी चोख असतील तर मर्यादा अचूक आखली जाते आणि बाकीचा माल निर्धास्तपणे विकता येतो.

इथे ती मर्यादा टिकली नाही. काही दिवसांतच यादीत किंडरची आणखी उत्पादने आली. त्यानंतर बेल्जियममधल्या आर्लोन इथल्या कारखान्यात बनलेली किंडरची सगळीच उत्पादने परत मागवावी लागली आणि बेल्जियमच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने कारखान्याचा परवाना थांबवला. ज्या आईने पहिली सूचना वाचून ‘आपली तारीख वेगळी आहे’ म्हणून चॉकलेट मुलाच्या हाती दिले असेल, तिच्या दृष्टीने पहिली मर्यादा घातकच ठरली. चॉकलेटमधली चरबी साल्मोनेलाला पोटातल्या आम्लापासून वाचवते, त्यामुळे थोडे जिवाणूही मुलाला आजारी पाडू शकतात. शिवाय दूषित चॉकलेट दिसायला, चवीला अगदी नेहमीसारखेच असते. म्हणून तारीख आणि बॅच पाहण्यावाचून घरच्या माणसाला दुसरा मार्ग नसतो.

कारखान्याचे नाव का महत्त्वाचे, हेही इथे दिसते. फेरेरोचा एक कारखाना आपल्या बारामतीतही आहे. पण परत मागवलेला माल आर्लोनचा होता. ब्रँड एक असला तरी दोष एका ठिकाणचा असू शकतो, आणि सूचनेने ते स्पष्ट सांगितले नाही तर लोक भलत्याच पाकिटांना घाबरतात.

पैसे परत मिळण्याची रीत एका वाक्यात मावली पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये पतंजली फूड्सने भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशावरून मिरची पुडीची एक बॅच परत मागवली. कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. माल सुमारे चार टनांचा, २०० ग्रॅमच्या पाकिटांतला. ग्राहकांना सांगितले गेले, की जिथून घेतले तिथे पाकीट परत करा आणि पूर्ण पैसे घ्या. हे सोपे आहे आणि असेच हवे. पन्नास-साठ रुपयांसाठी अर्ज भरायला लावले, तर माणूस पाकीट परत करत नाही; वापरून टाकतो किंवा कामवाल्या बाईंना देतो. मग धोका तसाच राहतो, फक्त घर बदलते.

उरली माफी. ती शांत शब्दांत मागावी, पण दोष लपवून नव्हे. आर्लोनच्या कारखान्यात साल्मोनेला १५ डिसेंबर २०२१ लाच सापडला होता. अंतर्गत त्रुटींमुळे माहिती मिळवायला आणि पुढे द्यायला उशीर झाला, हे फेरेरोने एप्रिलमध्ये मान्य केले. ही कबुली पहिल्याच सूचनेत असती तर तिचे वजन वेगळे असते. ‘खबरदारीचा उपाय म्हणून’ एवढेच म्हणणारी सूचना घाबरवत नाही, पण वाचणाऱ्याला उठून फडताळ उघडायलाही लावत नाही. चांगली सूचना साधी असते : ‘या बॅचच्या पुडीत कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आहे. ती वापरू नका. उघडलेले पाकीटही दुकानात परत द्या. पावती नसली तरी पूर्ण पैसे मिळतील. ही चूक आमची आहे, त्याबद्दल आम्ही माफी मागतो.’

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. मसाला आणला, की आपण तो बरणीत ओततो आणि पाकीट कचऱ्यात टाकतो. बॅच नंबर त्याच्यासोबतच जातो. पुढे कितीही नेमकी सूचना आली तरी बरणीतली पुडी कोणत्या बॅचची हे सांगता येत नाही. म्हणून पाकिटाचा बॅच आणि तारीख छापलेला तुकडा कापून बरणीला चिकटवून ठेवा, आणि पुडी संपेपर्यंत तो काढू नका.