दहा महिने आणि सोळा दिवस

एनआरसी कंपनी सुरू होती तोवर मोहन्यात मुलगा आधी दिसायचा, बोलणं मागाहून व्हायचं. कॉलनीतल्या कुणातरी काकूंना दोन्ही घरं माहीत असायची. रविवारी कांदेपोहे व्हायचे आणि दोघांना गॅलरीत पाच मिनिटं मिळायची. मनातलं बोलणं साखरपुड्यानंतर, तेही पत्रांतून. 2009 साली कंपनी बंद पडली, कॉलनी हळूहळू रिकामी झाली आणि स्थळं सुचवणाऱ्या काकूही पांगल्या. त्यांचं काम लग्न जमवणाऱ्या अ‍ॅपकडे गेलं. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळपास फुकट झाला आणि क्रम उलटला. आता आधी बोलणं, भेट केव्हातरी. मोठ्यांची ‘बोलणी चालू’ असतात, पोरांचं ‘बोलणं चालू’ असतं. बोलणी कुठल्यातरी तारखेला संपतात. बोलण्याला तसा शेवट नसतो.

माझ्या मावसबहिणीचं बोलणं 2020च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. ती मोहन्याची, तो बदलापूरचा. आंबिवलीहून कल्याण, तिथून कर्जत लाइन पकडायची, एवढाच प्रवास. पण लॉकडाउनमुळे लोकल मार्चपासून बंद. जूनमध्ये सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. ऑक्टोबरात बायकांना ठरावीक वेळी मुभा मिळाली, तेव्हा तिला जाता आलं असतं. पण पहिल्या भेटीला मुलीनं बदलापूर गाठायचं हे मावशीला पटेना. आणि खरं सांगायचं तर तोवर तिलाही घाई उरली नव्हती. रात्री साडेदहा ते एक, रोजचं बोलणं छान चाललं होतं.

1 फेब्रुवारी 2021पासून लोकल सगळ्यांना खुली झाली, पण वेळा बांधलेल्या: सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. त्यामुळे दहा महिन्यांनी झालेली पहिली भेट त्या दुपारच्या चार तासांत बसवावी लागली. कल्याण स्टेशनबाहेरच्या एका उडप्याकडे.

उंची सांगितली तेवढीच होती, नोकरी खरी होती, फोटोही त्याचाच. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. पण तो प्रत्येक उत्तराआधी थांबायचा. फोनवर तोच थांबा ‘टायपिंग’ असा दिसायचा आणि तिला वाटायचं, किती विचार करून लिहितो! समोर बसल्यावर तो थांबा तिला अवघड होऊ लागला, मग तीच मधल्या जागा भराभर बोलून भरू लागली. त्याच्या डोक्यातली मुलगी शांत होती. आणखी दोनदा भेटले. होळीच्या आत संपलं.

जोसेफ वॉल्थर या अमेरिकन अभ्यासकानं 1996 सालीच या प्रकाराबद्दल लिहून ठेवलंय. लिहून बोलताना माणूस आपलं बरं तेवढं निवडून पाठवतो, आणि वाचणारा उरलेल्या जागा स्वतःच्या आवडीनं भरतो. जितके दिवस जास्त, तितकं हे भरणं जास्त. पुढे 2015 साली आर्टेमियो रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन ओळख होऊन भेटलेल्या चारशेहून अधिक लोकांना विचारलं. लवकर भेटलेल्यांचा अनुभव बरा होता. साधारण 17 ते 23 दिवसांच्या पुढे गेलं की भेट निराशेकडे झुकायला लागायची. हा आकडा अमेरिकेतला, मोहन्यातली पत्रिका नव्हे. तरी आमच्या घरातलं पाहून मला तीन आठवडे पुरेसे वाटतात.

तिसऱ्याच दिवशी भेटायला निघू नये, हेही खरं. आधी एक व्हिडिओ कॉल हवा, नोकरी नि पत्ता कुणा ओळखीच्याकडून पडताळलेला हवा. व्हिडिओ कॉलला दरवेळी कॅमेरा बिघडत असेल, ठरलेली भेट दोनदा पुढे गेली असेल आणि न भेटताच पैशाची अडचण निघाली असेल, तर दिवस मोजत बसायचं कारण नाही, नंबर ब्लॉक करावा. बोटीवर किंवा परदेशात असणाऱ्याची गोष्ट निराळी, पण त्याच्याकडेही सुटीची तारीख असते. ती तो पहिल्या आठवड्यात सांगतो का, एवढं बघावं. बाकी बोलणं लांबल्याची खूण सोपी आहे. नवं विचारायला काही उरत नाही, ‘जेवलीस का’वर रात्री जातात, आणि ज्याला अजून चालताना पाहिलेलं नाही त्याच्याबरोबर घराच्या पडद्यांचा रंग ठरतो.

2023मध्ये बहिणीचं पुन्हा बोलणं सुरू झालं, मुलगा खडवलीचा. या वेळी तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, पुढच्या संकष्टीला मी टिटवाळ्याला जाणार आहे, यायचं तर ये. तो सोळावा दिवस निघाला. आंबिवलीचं पुढचं स्टेशनच टिटवाळा, घरी वेगळं काही सांगायला नको. महागणपतीच्या रांगेत दीड तास गेला. तोही फोनवरच्यापेक्षा कमीच बोलला. पण सोळा दिवसांत तिनं मनात फार काही रंगवलेलं नव्हतं, त्यामुळे पुसायलाही फारसं नव्हतं. लग्नानंतर आईवडिलांबरोबर खडवलीलाच राहायचं, हे त्यानं रांगेतच सांगून टाकलं. नोकरी मुंबईत असताना रोज तिथून लोकल कशी धरायची, यावर दोघांची चांगलीच जुंपली.

घरी आल्यावर म्हणाली, रविवारी परत भेटतोय. मावशीनं विचारलं, ‘परत टिटवाळा? अगं, चतुर्थी तर आजच झाली.’