गोलाआधीच्या पासची किंमत

13 मार्च 2021 रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगची अंतिम लढत झाली. मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला 2-1 असे हरवले. 18व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने बागानला आघाडी दिली, 29व्या मिनिटाला बागानच्याच तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला आणि 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. धावफलकावर एवढेच उरते. पण नव्वद मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून शेकडो पास झालेले असतात, खेळाडू चेंडू पायाशी ठेवून कितीतरी वेळा पुढे सरकलेले असतात. गोल करणाऱ्याचे नाव छापून येते, फार तर त्याला शेवटचा पास देणाऱ्याचे. त्या पासच्या आधीचा पास ज्याने दिला, त्याच्या कामाची किंमत कशी ठरवायची? या प्रश्नावरचा आज बराच रुळलेला उपाय म्हणजे ‘एक्सपेक्टेड थ्रेट’. तो नेमका काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे तपासायला फातोर्ड्याचे हे तीन गोल फार उपयोगी आहेत.

या उपायाची मूळ कल्पना सारा रुड यांनी 2011 मध्ये मांडली आणि करुण सिंग यांनी 2019 मध्ये तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. सिंग यांनी मैदानाचे आडवे-उभे 192 चौकोन पाडले आणि इंग्लिश प्रीमियर लीगच्या 2017-18 च्या हंगामातील नोंदींवरून प्रत्येक चौकोनाला काही साधे प्रश्न विचारले. इथे चेंडू असताना खेळाडू किती वेळा थेट गोलवर मारतात? मारले तर किती वेळा गोल होतो? आणि मारले नाही, तर चेंडू पुढे कोणकोणत्या चौकोनात सुखरूप पोहोचतो? या उत्तरांतून प्रत्येक चौकोनाचा एक आकडा निघतो: चेंडू इथे असेल, तर पुढच्या काही हालचालींत गोल होण्याची शक्यता किती. पास किंवा धाव यांची किंमत म्हणजे चेंडू जिथे पोहोचला त्या चौकोनाचा आकडा उणे जिथून निघाला त्याचा.

समजण्यासाठी 192 ऐवजी तीनच चौकोन धरू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. गोलसमोरच्या चौकोनात निम्म्या वेळा फटका मारला जातो आणि पाचांपैकी एक फटका गोल होतो, उरलेल्या वेळी चेंडू जातो असे मानू. म्हणजे त्याची किंमत शंभरात 10. पेनल्टी बॉक्सच्या बाजूच्या चौकोनातून दहांतून एकदाच फटका मारला जातो आणि त्यातले पाच टक्केच आत जातात. नुसत्या फटक्यांवर त्याची किंमत शंभरात अर्धी. पण उरलेल्या 90 टक्के वेळी खेळाडू चेंडू पुढे देऊ पाहतो आणि पाचांत एकदा तो गोलसमोर पोहोचतो. 90 टक्क्यांचा पाचवा हिस्सा 18 टक्के, त्याला 10 ची किंमत, म्हणजे आणखी 1.8, एकूण 2.3. मैदानाच्या मध्यावरून कोणीच फटका मारत नाही. तिथून 30 टक्के वेळा चेंडू बाजूच्या चौकोनात जातो, 50 टक्के वेळा मध्यावरच फिरतो आणि 20 टक्के वेळा हातचा जातो. ही आकडेमोड पुन्हा पुन्हा केली की मध्याची किंमत शून्यापासून 0.15, 0.77, 1.07 अशी चढत 1.4 च्या आसपास स्थिरावते. प्रत्येक फेरीत आपण आणखी एक हालचाल पुढचे पाहत असतो, म्हणून आकडा वाढतो. खऱ्या नोंदींवरही चार-पाच फेऱ्यांनंतर फारसा फरक पडत नाही.

आता मध्यावरून बाजूला दिलेल्या पासला 0.9 गुण मिळतात आणि बाजूकडून गोलसमोर दिलेल्याला 7.7. शेवटच्या फटक्याची वाट न पाहता दोघांच्या वाट्याला काहीतरी आले. पुढे ज्याने फटका उंच मारून संधी दवडली, त्याच्यामुळे या दोघांचे गुण कमी होत नाहीत. माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई ही आहे.

मग फातोर्ड्याचे गोल पाहू. पहिल्या गोलात मुंबईच्या अहमद जाहूने स्वतःच्या गोलजवळ चेंडू गमावला, बागानच्या रॉय कृष्णाने तो हिसकावून विल्यम्सला दिला. मूळ हिशेब केवळ यशस्वी हालचालींचा असल्याने जाहूच्या खात्यात या चुकीची काहीच वजाबाकी होत नाही. दुसऱ्या गोलात त्याच जाहूने बिपिनच्या दिशेने लांब चेंडू टाकला आणि तो अडवताना तिरीकडून स्वयंगोल झाला. मुंबईच्या खेळाडूने गोलवर फटका मारलाच नाही. पासही आपल्या माणसापर्यंत पोहोचला नाही, म्हणून हिशेबात तो अयशस्वी. गोल मात्र झाला. तिसऱ्या वेळी बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य चेंडूसाठी पुढे आला, मुंबईच्या ओगबेचेने तो त्याच्याकडून काढून घेतला आणि बिपिनला दिला. समोर गोल मोकळा होता. पण हिशेबाला गोलरक्षक दिसतच नाही. तो फक्त चौकोन पाहतो, त्यामुळे रिकाम्या गोलसमोरचा चेंडू आणि सहा बचावपटूंच्या गर्दीतला चेंडू त्याच्या लेखी सारखेच.

तीन गोल आणि तिन्ही वेळा मोजमापाचा नेम चुकला, मग ते हवेच कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, पण तो एका सामन्याबद्दलचा आहे. चौकोनाचा आकडा ही हजारो हालचालींची सरासरी आहे. त्यात कधी गोल मोकळा असतो, कधी गर्दी, आणि एखाद्या क्षणाचा निवाडा सरासरी करू शकत नाही. हंगामभर एखादा मधल्या फळीतला खेळाडू चेंडू कुठून कुठे नेतो, हे ती बऱ्यापैकी सांगते. चेंडू गमावण्याचा आक्षेप मात्र हंगामाच्या बेरजेतही सुटत नाही, कारण धाडसी पास देणाऱ्याचे यश मोजले जाते आणि अपयश फुकट जाते. म्हणून बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठातील टॉम डेक्रोस आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्येच दुसरी पद्धत मांडली. तीत प्रत्येक हालचालीनंतरच्या दहा हालचालींत आपला गोल होण्याची शक्यता किती वाढली आणि आपल्यावर होण्याची किती, ही दोन्ही पाहिली जातात. जाहूची पहिली चूक तिथे नक्की महागात पडते. त्याची किंमत अशी की ती पद्धत समजायला अवघड आहे. 192 चौकोनांचा तक्ता मात्र प्रशिक्षक भिंतीवर लावू शकतो.

मागे दिलेल्या पासबद्दलही खबरदारी हवी. मुंबईचे तेव्हाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा संघ चेंडू मागे-पुढे फिरवत प्रतिस्पर्ध्याला जागेवरून हलवायचा. मागचा पास हिशेबात बहुधा उणे येतो; त्याने उघडलेली जागा पुढचा खेळाडू वापरतो आणि सगळे गुण त्याला मिळतात. त्यामुळे बचावपटूची तुलना बचावपटूशीच करावी, विंगरशी नाही.

भिवंडीतल्या टर्फवर शिकवणाऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने हा तक्ता जसाच्या तसा आपल्या पोरांवर लावला, तर मात्र फसगत होईल. जाळीने बंद केलेल्या छोट्या टर्फवर निम्म्या मैदानावरूनही फटके मारले जातात, चेंडू जाळीवर आपटून परत खेळात येतो, ऑफसाइड बहुधा नसतोच. प्रीमियर लीगचे चौकोन तिथे लागू नाहीत. स्वतःचा तक्ता करावा, तर नोंदी तुटपुंज्या पडतात. एका चौकोनातून वीस फटके आणि दोन गोल झाले, तर किंमत 10 टक्के. एक गोल जास्त झाला की लगेच 15. त्याऐवजी मोबाइलवर सामना चित्रित करून मैदानाचे सहा भाग पाडावेत आणि दोनच गोष्टी टिपाव्यात: गोलसमोरच्या भागात चेंडू कोणी, कुठून आणला आणि आपल्या गोलजवळ तो कोणी गमावला. दुसरा रकाना महत्त्वाचा, कारण मूळ पद्धतीत तो नाही.